गाडी माझी, पॉलिसी त्यांची: वापरलेल्या गाडीचा विमा नावावर करून घेताना

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी पुण्यातच एक वापरलेली गाडी घेतली. गाडी कशी बघायची, मेकॅनिकला काय तपासायला सांगायचं, आरटीओत कुठले फॉर्म लागतात, यावर मराठीत भरपूर वाचायला मिळालं. विम्याचा विषय निघाला की मात्र सगळे "ते एजंट करून देतो हो" म्हणून मोकळे. इथे एजंटच नव्हता. गाडी विकणाऱ्या गृहस्थांनी पॉलिसी ऑनलाइन काढलेली होती, त्यामुळे सगळं मलाच करावं लागलं. आता काम झालंय, कागद हातात आहेत, म्हणून तारखांसकट लिहून ठेवते.

गाडी १,१९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक, नोंदणी २३ ऑक्टोबर २०२० ची, नंबर एमएच-१२. एकच मालक. व्यवहार ठरण्याआधी जानेवारीत मी त्यांच्याकडे आरसी आणि चालू पॉलिसीची पीडीएफ मागितली. ती लगेच व्हॉट्सअॅपवर आली. पॉलिसी म्हणजे अठरा-वीस पानांचं बाड असतं, पण त्यातली पहिली दोन पानंच त्या गाडीबद्दल बोलतात. तेच शेड्यूल. बाकीची पानं सगळ्यांना सारखीच छापून येतात. शेड्यूलवर बारीक अक्षरांत चौकटीच चौकटी होत्या: आयडीव्ही, बेसिक ओडी, एनसीबी, बेसिक टीपी, टीपीपीडी, सीपीए, एचपीए आणि तळाशी आयएमटीचे, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या ठराविक कलमांचे, नुसते आकडे. पहिल्यांदा वाचल्यावर मला कळलेली गोष्ट एकच, की शेवटी ८,०५८ रुपये भरलेले आहेत.

आमच्या सोसायटीत विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. पीडीएफ छापून घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पेन्सिलीने कागदाच्या मधोमध उभी रेघ मारली आणि म्हणाले, "आधी हे दोन वेगळे विमे आहेत असं समज. डावीकडचा तुझ्या गाडीसाठी, उजवीकडचा तुझ्या गाडीने दुसऱ्याचं जे होईल त्यासाठी. विकताना दोघांचं वेगवेगळं होतं." पुढचे दोन महिने मी ज्यात गुंतले होते ते सगळं या एका रेघेत होतं.

डावीकडे ओडी, म्हणजे ओन डॅमेज. तिथे बेसिक ओडी ५,५१५ रुपये, त्यातून एनसीबी, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, ४५ टक्के म्हणजे २,४८२ रुपये वजा, राहिले ३,०३३. उजवीकडे थर्ड पार्टी: बेसिक टीपी ३,४१६, पगारी ड्रायव्हरसाठीची जबाबदारी ५०, मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा ३३०. दोन्ही बाजूंची बेरीज ६,८२९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

यातला ३,४१६ हा आकडा कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तोच असतो. थर्ड पार्टीचे दर सरकार अधिसूचनेने ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला हाच दर आहे. म्हणजे कंपन्यांची खरी चढाओढ चालते ती डाव्या बाजूला. आणि एनसीबीसुद्धा फक्त डाव्या बाजूलाच लागतो. "पंचेचाळीस टक्के सूट" ऐकून आपल्याला वाटतं की अख्खी पॉलिसी निम्म्यात पडली. इथे एनसीबी नसता तर जीएसटीआधी ९,३११ रुपये झाले असते. त्यातले २,४८२ वाचले, म्हणजे जेमतेम सव्वीस-सत्तावीस टक्के.

व्यवहाराची बोलणी चालू असताना आयडीव्हीवरून, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवरून, थोडी गंमत झाली. शेड्यूलवर आयडीव्ही ४,२०,००० होता आणि गाडीची मागणी पावणेपाच लाखांची. माझा भाऊ म्हणाला, कंपनीच सव्वाचार लाखसुद्धा किंमत धरत नाही, तर आपण जास्त का द्यायचे? हा मुद्दा समोरच्यांना ऐकवण्याआधी मी काकांना विचारला ते बरं झालं. आयडीव्ही ही बाजारातली किंमत नसते. उत्पादकाच्या यादीतली त्या मॉडेलची किंमत घ्यायची, त्यात नोंदणी आणि विम्याचा खर्च धरायचा नाही, आणि त्यातून गाडीच्या वयाप्रमाणे ठरलेली घसारा वजा करायची. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग प्रत्येक वर्षाला आणखी दहा-दहा, पाचव्या वर्षी ५०. पाच वर्षांच्या पुढे तक्ता संपतो आणि कंपनी व मालक मिळून आकडा ठरवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पॉलिसी नूतनीकरण झाली तेव्हा गाडीला चार वर्षं पुरी व्हायला पाच दिवस कमी होते, म्हणून ४० टक्के घसारा. यादीतली किंमत सात लाख, त्याचे साठ टक्के चार लाख वीस हजार. गाडीवर किती ओरखडे आहेत, किती किलोमीटर पळाली, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही.

शेवटी सौदा ४,६०,००० ला ठरला. म्हणजे विमा माझ्या नावावर झाल्यावर गाडी चोरीला गेली असती तर ४,२०,००० मधून सक्तीच्या वजावटीचे १,००० रुपये कापून बाकीचे मिळाले असते आणि एकेचाळीस हजारांवर पाणी सोडावं लागलं असतं. "मग मध्येच आयडीव्ही वाढवून घेता येईल का?" असं मी नंतर शाखेत विचारलं. उत्तर नाही असं आलं. पॉलिसीच्या सुरुवातीला ठरलेला आकडा वर्षभर तोच राहतो, वर होत नाही आणि खालीही येत नाही.

इथे काकांनी सांगितलेली एक गोष्ट मला नवीन होती. छोट्या दुरुस्तीच्या दाव्यात आयडीव्ही कमी आहे म्हणून पैसे कमी मिळत नाहीत. बंपर फुटला तर प्लॅस्टिक म्हणून निम्मी रक्कम कापतात, पत्र्याच्या भागावर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात, काचेवर काही कापत नाहीत. त्या हिशोबात आयडीव्ही कुठेच येत नाही. आयडीव्ही कामाला येतो तो दोन वेळा: गाडी चोरीला गेली तर, आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला तर. तेव्हा कंपनी दुरुस्ती न करता गाडी पूर्ण नुकसानीत धरते. माझ्या गाडीला ही रेघ ३,१५,००० वर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये घसारा ५० टक्के होईल. यादीतली किंमत तीच राहिली तर आयडीव्ही साडेतीन लाख आणि रेघ २,६२,५०० वर येईल. म्हणजे पावणेतीन लाखांच्या ज्या दुरुस्तीला आज कंपनी मान्यता देईल, त्याच दुरुस्तीला पुढच्या वर्षी "गाडी सोडा, पैसे घ्या" म्हणेल. फोनवर स्वस्तातलं कोटेशन देणारे पुष्कळदा आयडीव्हीच खाली ओढून हप्ता कमी दाखवतात. दोन कोटेशनं शेजारी ठेवताना आधी आयडीव्ही सारखा आहे का ते बघायचं, मग हप्ता.

आयडीव्हीच्याच चौकटीत शेजारी इलेक्ट्रिकल आणि नॉन-इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीजचे रकाने असतात. दोन्हीकडे शून्य होतं. गाडीत मात्र मालकांनी बाहेरून बसवलेला मोठा टचस्क्रीन होता आणि त्याचं त्यांनी मला चांगलं पाच मिनिटं कौतुक सांगितलं होतं. विम्याच्या लेखी तो टचस्क्रीन नाहीच.

८ फेब्रुवारीला, शनिवारी, व्यवहार झाला. पैसे बँकेतून दिले, फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या झाल्या. गाडीचा ताबा किती वाजता दिला ते लिहिलेला एक साधा कागद दोघांनी सही करून ठेवला. या कागदावर वेळ जरूर घाला. त्याआधी चलन झालं असेल तर ते त्यांचं आणि त्यानंतरचं आपलं, यावर मग वाद राहत नाही.

इथून दोन घड्याळं सुरू होतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. आरटीओत मालकी बदलाची माहिती देण्यासाठी घेणाऱ्याला कायद्याने ३० दिवस आहेत. विमा कंपनीला कळवायला मात्र १४ दिवसच. आता विमा कंपनीच्या काउंटरवरचा माणूस म्हणणार की आरसी नावावर झाल्यावर या. आरसी चौदा दिवसांत होईल याची खात्री कोण देणार?

या चौदा दिवसांत नेमकं काय होतं ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण बरेच जण "पॉलिसी चालू आहे ना, मग झालं" म्हणून निर्धास्त असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टीचा विमा गाडी घेणाऱ्याच्या नावावर आपोआप गेला असं मानतात. म्हणजे काकांच्या रेघेच्या उजव्या बाजूची काळजी नाही. गाडीने कुणाला इजा झाली तर विमा कंपनी "मालक बदलला" म्हणून हात वर करू शकत नाही. डाव्या बाजूला हे लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच कम्प्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स या खटल्यात सांगितलंय की स्वतःच्या गाडीचं नुकसान हा करार कंपनी आणि जुन्या मालकामधला आहे, तो नव्या मालकाकडे आपोआप येत नाही. कंपनीने नाव बदलून दिलं तरच येतो. म्हणजे आरसी माझ्या नावावर, पॉलिसी त्यांच्या नावावर आणि गाडी झाडाला धडकली, अशी वेळ आली तर त्यांचा गाडीशी संबंध उरलेला नाही आणि माझा पॉलिसीशी नाही. पैसे दोघांनाही नाहीत.

हे कळल्यावर गाडी चालवायची हौस जरा आवरती घेतली. घरचे म्हणत होते, लोणावळ्याला जाऊन येऊ. मी नाही म्हटलं. सोसायटीच्या आवारात बॅटरी उतरू नये म्हणून सुरू करून ठेवायची, कर्वे रोडला एखादी चक्कर, इतकंच. नवीन गाडी दारात आणि आपण रिक्षाने ऑफिसला, यावर शेजाऱ्यांच्या नजरा सोसाव्या लागल्या त्या वेगळ्या.

सोमवारी, १० तारखेला, परिवहनच्या संकेतस्थळावर मालकी बदलाचा अर्ज भरला आणि फी भरून पावती घेतली. मग संगम पुलाजवळच्या आरटीओत कागद जमा केले. या भागात माझा फार वेळ गेला नाही, आणि त्यावर इतरांनी चांगलं लिहिलंय म्हणून मी थांबत नाही. एकच सांगते, आरटीओच्या पावतीची छायाप्रत लगेच काढून ठेवा. पुढे तोच कागद कामी आला.

१२ तारखेला विमा कंपनीच्या शाखेत गेले. सोबत माझा अर्ज, माझ्या नावाने भरलेला नवा प्रपोजल फॉर्म, जुनी पॉलिसी, फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, आरटीओची पावती, आधार, पॅन. अर्जात गाडीचा नंबर, विक्रीची तारीख, आधीच्या मालकाचं नाव, पॉलिसीचा नंबर आणि तारीख, हे सगळं एकाच परिच्छेदात लिहिलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी कागद चाळले आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाल्या, "आरसी तुमच्या नावावर झाली की या मॅडम, आत्ता हे घेऊन काही उपयोग नाही."

मी काकांनी शिकवल्याप्रमाणे म्हटलं की, नाव आत्ता बदला असं मी म्हणतच नाहीये. चौदा दिवसांच्या आत कळवायचं असतं, ते मी कळवतेय. तुम्ही फक्त आवक शिक्का मारून प्रत द्या. बाई आत जाऊन कुणाला तरी विचारून आल्या. थोडा वेळ बसायला सांगितलं, मग शिक्का मिळाला, तारीख आणि सही. मोटार टॅरिफच्या नियमातच विक्रीचा "मान्य होईल असा पुरावा" असे शब्द आहेत. त्यात आरसीच हवी असं म्हटलेलं नाही, पण शाखा आरसीवर अडून बसतात हे खरं. शिक्का मिळाला नसता तर अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची माझी तयारी होती. त्याच संध्याकाळी कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवरही सगळे कागद स्कॅन करून पाठवले. त्याला एक तक्रार क्रमांक आला. माझी तक्रार नव्हती, पण क्रमांक मिळाला तो जपून ठेवला.

वाट बघायच्या दिवसांत शेड्यूलची बाकीची घरं समजून घेतली. टीपीपीडी म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा, तिथे ७,५०,००० लिहिलेलं होतं. तिथे ६,००० लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. खासगी गाडीला शंभर रुपये वाचवायला ही मर्यादा सहा हजारांवर आणता येते आणि तळाशी आयएमटी २० असा आकडा येतो. आपली गाडी कुणाच्या दुकानात घुसली तर सहा हजारांत शटरची कडीसुद्धा यायची नाही. माणसाला इजा किंवा मृत्यू झाला तर मात्र आकडा लिहिलेलाच नसतो. "मोटार वाहन कायद्यानुसार लागेल तेवढी रक्कम" असं लिहिलेलं असतं, आणि ते तसंच असायला हवं.

एचपीएच्या, म्हणजे गाडीवरच्या कर्जाच्या, घरात एका बँकेचं नाव होतं. गाडीचं कर्ज दोन वर्षांपूर्वीच फिटलेलं, आरसीवरचा बोजाही उतरवलेला, पण पॉलिसीत बँक तशीच बसून होती. तळाशी आयएमटी ७ दिसत होता तो त्याचाच. हे तसंच राहिलं तर पूर्ण नुकसानीचा चेक आधी त्या बँकेकडे गेला असता. विकणाऱ्यांना फोन करून बँकेच्या ना हरकत पत्राची प्रत मागवून घेतली, म्हणजे नावाबरोबर हेही निघेल.

आणि सीपीए, म्हणजे मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. त्यात नॉमिनी म्हणून विकणाऱ्यांच्या पत्नीचं नाव. साहजिकच आहे, पण नाव बदलताना हे घर सगळे विसरतात असं काका म्हणाले, म्हणून प्रपोजल फॉर्ममध्ये आईचं नाव आणि वय ठळक लिहून दिलं होतं.

२१ तारखेला, शुक्रवारी, एमपरिवहन अॅपवर मालकाच्या जागी माझं नाव दिसलं. आरसीचं कार्ड यायला अजून वेळ होता, पण शाखेला अॅपमधली आरसी चालली. २४ तारखेला, सोमवारी, तिथे पुन्हा गेले तेव्हा त्याच बाईंनी शिक्क्याची प्रत बघून फाइल काढली आणि पैसे भरायला सांगितले. आकडा होता १,९५३ रुपये.

हे कशाचे ते मला आधीच माहीत होतं, म्हणून धक्का बसला नाही. एनसीबी गाडीचा नसतो, विमा घेणाऱ्याचा असतो. विकणाऱ्यांनी चार वर्षं दावा केला नाही म्हणून त्यांना ४५ टक्के मिळाले: आधी २०, मग २५, ३५ आणि आता ४५. पुढच्या वर्षी ५० झाले असते आणि तिथे शिडी संपते. मी त्यांची गाडी घेतली, त्यांचं दावा न करणं नाही घेतलं. म्हणून त्यांना हप्त्यात मिळालेल्या २,४८२ रुपयांपैकी पॉलिसीच्या उरलेल्या काळाचा वाटा कंपनी माझ्याकडून वसूल करते. २४ फेब्रुवारी ते १७ ऑक्टोबर म्हणजे २३६ दिवस. २,४८२ गुणिले २३६ भागिले ३६५, झाले १,६०५. नवं प्रमाणपत्र देण्याची फी ५०. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी २९८. बेरीज १,९५३. शाखेत हा हिशोब लिहून मागा, देतात.

इथे मी एक प्रयत्न करून पाहिला होता. माझ्या यजमानांनी गेल्या वर्षी जुनी गाडी विकली तेव्हा त्यांच्याकडे ५० टक्के एनसीबीचं पत्र आलं होतं. ते पत्र तीन वर्षं चालतं. मला वाटलं, ते इथे लावलं तर वसुली शून्य. पण गाडी माझ्या नावावर आणि पत्र त्यांच्या नावावर. नवरा-बायकोतही एनसीबी असा देता येत नाही. विमेदाराच्या मृत्यूनंतरच तो पती-पत्नी, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे जाऊ शकतो. "म्हणजे आत्ता नको," असं यजमान म्हणाले. गाडी कुणाच्या नावावर घ्यायची हे ठरवताना घरात कुणाकडे असं पत्र पडून आहे का ते आधी बघायला हरकत नाही. आमच्या बाबतीत गाडी माझ्या पैशांची होती, त्यामुळे दोन हजारांसाठी नाव बदलायचा प्रश्नच नव्हता.

विकणाऱ्यांनाही माझ्या कागदांची तेवढीच गरज होती, हे मला उशिरा लक्षात आलं. त्यांना नवी गाडी घ्यायची होती आणि तिच्यावर हेच ४५ टक्के लावायचे होते. त्यासाठी कंपनीचं एनसीबी राखीव ठेवल्याचं पत्र लागतं, आणि जुन्या गाडीची मालकी गेल्याचा पुरावा दिल्याशिवाय ते पत्र निघत नाही. म्हणून माझ्या नावाची आरसी मी त्यांना पाठवली आणि त्यांनी बँकेचं पत्र मला विनातक्रार दिलं. पाडवा ३० मार्चला होता, त्या मुहूर्तावर त्यांना गाडी घ्यायची होती, म्हणून माझ्यापेक्षा त्यांचेच फोन जास्त यायचे. व्यवहार ठरवतानाच या देवाणघेवाणीचं बोलून घ्या. विकणाऱ्याला त्याच्या एनसीबीची आठवण करून दिली की तो आरटीओच्या सह्यांना सहसा टाळाटाळ करत नाही.

२७ तारखेला ईमेलवर नवं शेड्यूल आलं. नाव माझं, पत्ता माझा, एनसीबी शून्य, आयडीव्ही तोच ४,२०,०००, बँक गेलेली. नॉमिनी मात्र अजून त्यांची पत्नी! म्हणजे मला अपघात झाला असता तर पंधरा लाख मी कधी न भेटलेल्या बाईंच्या नावावर. प्रपोजल फॉर्मची माझ्याकडची प्रत जोडून ईमेल केला. ४ मार्चला दुरुस्त शेड्यूल आलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. नवं शेड्यूल आलं की जुनं शेजारी ठेवून घर न घर जुळवून बघा. इंजिन आणि चॅसी नंबर आरसीवरच्या नंबराशी अक्षर न अक्षर ताडून बघा. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर पहिल्यांदा तेच बघतो.

तुमची गाडी तीन वर्षांच्या आतली असेल तर एक फरक लक्षात ठेवा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो आणि ओडी मात्र दरवर्षी वेगळा काढता येतो, तोही दुसऱ्या कंपनीकडून. म्हणजे विकणाऱ्याकडे दोन कंपन्यांच्या दोन पॉलिसी असू शकतात. दोन्ही मागा आणि दोन्हीकडे अर्ज द्या. शेड्यूलच्या डोक्यावर पॅकेज, म्हणजे दोन्ही बाजू, लिहिलंय, लायबिलिटी ओन्ली, म्हणजे फक्त उजवी, लिहिलंय की स्टँडअलोन ओडी, म्हणजे फक्त डावी, ते सगळ्यात आधी वाचायचं.

एकूण खर्च सांगायचा तर विमा नावावर करायला १,९५३ रुपये, छायाप्रती आणि दोन वेळचं पार्किंग. लोणावळ्याला आम्ही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन आलो.

पॉलिसी १७ ऑक्टोबर २०२५ ला संपते. नूतनीकरणाला उशीर झाला तर गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि ९० दिवसांच्या पुढे गेलं तर साठलेला एनसीबी जातो. माझ्याकडे आत्ता जायला एनसीबी नाही, पण तारीख फोनमध्ये टाकून ठेवलीय. तेव्हा किमान तीन कंपन्यांकडून कोटेशन घेईन, प्रत्येकाला आयडीव्ही साडेतीन लाखच धरायला सांगेन, टीपीपीडी साडेसात लाख आहे का ते बघेन आणि टचस्क्रीनची किंमत अॅक्सेसरीजमध्ये घालून किती हप्ता वाढतो ते विचारेन. त्याचं बिल विकणाऱ्यांकडे आहे का, हे मात्र त्यांना आताच विचारून ठेवायला हवं.